बादली मिनिटात भरते, पण दिवसाचं पाणी किती?

पंधरा लिटरची बादली एका मिनिटात भरली, तर नळाला त्या वेळी मिनिटाला १५ लिटर पाणी येत होतं. इथपर्यंतचा हिशोब बरोबर आहे. चूक होते ती पुढच्या पायरीवर. दिवसाची मिनिटं १४४०, म्हणून १५ गुणिले १४४० करून ‘दिवसाला २१,६०० लिटर’ असा आकडा काढला जातो. महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत आणि कित्येक शहरांत नळाला चोवीस तास पाणी नसतं. कुठे तासभर येतं, कुठे दिवसाआड, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा. अशा नळाच्या बाबतीत गुणायचं ते दिवसाच्या मिनिटांनी नव्हे, तर पाणी प्रत्यक्ष जितकी मिनिटं आलं तेवढ्यांनी. आणि तेवढ्यानेही भागत नाही, कारण त्या मिनिटांमध्येही धार एकसारखी नसते.

आधी बादलीबद्दल. बादलीवर २० लिटर लिहिलं असेल तर ती वीस लिटरची, हे गृहीत धरलं जातं. तो आकडा बहुधा काठोकाठ भरलेल्या बादलीचा असतो, आणि नळाखाली कोणीही बादली काठोकाठ भरू देत नाही. दोन-तीन बोटं जागा सोडली की आकडा लगेच खाली येतो. शिवाय बादली तळाशी अरुंद आणि वर रुंद असते, त्यामुळे अर्ध्या उंचीपर्यंत भरलेली बादली म्हणजे अर्धं पाणी नव्हे, त्याहून कमी. यावर उपाय सोपा आहे. लिटरच्या बाटलीने मोजून पंधरा बाटल्या पाणी बादलीत ओतायचं, बादली सपाट जागी ठेवायची आणि पाण्याच्या पातळीवर आतून न पुसणारी खूण करायची. मग लेबल काहीही म्हणो, खुणेपर्यंत १५ लिटर हे पक्कं.

मोबाइलवर वेळ धरताना एखादा सेकंद इकडेतिकडे होणारच, मग या मोजणीवर विश्वास कसा ठेवायचा, असा आक्षेप येतो. तो रास्त आहे, पण भांड्यावर अवलंबून आहे. पाच सेकंदांत भरणाऱ्या तांब्यावर एका सेकंदाची चूक म्हणजे वीस टक्के. साठ सेकंदांत भरणाऱ्या बादलीवर तीच चूक दोन टक्क्यांहूनही कमी. म्हणून भांडं असं घ्यावं की भरायला निदान अर्धं मिनिट लागेल. नळ आधी पूर्ण सोडून धार स्थिरावू द्यावी, मग बादली खाली सरकवताक्षणी घड्याळ सुरू करावं. मिनिटाचा दर काढायला लिटरना सेकंदांनी भागून साठने गुणायचं, इतकंच. घड्याळापेक्षा मोठी चूक होते ती मोजणी एकदाच केल्याने.

नळाला पाणी सोडल्यावर पहिली काही मिनिटं पाइपातली हवा बाहेर पडत असते. नळ फुरफुरतो, धार तुटक येते. मग जोर वाढतो. त्यानंतर आळीतले सगळे नळ चालू होतात, उंच टाकीतली पातळी उतरत जाते आणि शेवटी धार बारीक होते. एक उदाहरण घेऊ. पाणी सकाळी सात वाजता येतं आणि सात पन्नासला जातं, म्हणजे ५० मिनिटं. खुणेपर्यंत बादली भरायला सुरुवातीच्या टप्प्यात ९० सेकंद लागले, मध्ये ६० आणि शेवटी १५०. म्हणजे मिनिटाला अनुक्रमे १०, १५ आणि ६ लिटर. पहिला टप्पा १५ मिनिटांचा, मधला २० चा आणि शेवटचा पुन्हा १५ चा धरला, तर १५० अधिक ३०० अधिक ९०, असं ५४० लिटर होतं. फक्त मधली मोजणी घेऊन ५० ने गुणलं असतं तर उत्तर ७५० आलं असतं.

हा फरक किरकोळ नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागातल्या प्रत्येक माणसामागे रोज ५५ लिटर हे प्रमाण ठरलं आहे. पाच माणसांच्या घराला ते २७५ लिटर होतं. समजा, वरच्या नळाला दिवसाआड पाणी येतं. मग ५४० लिटर दोन दिवसांना पुरवायचे, म्हणजे रोजचे २७०, माणशी ५४. प्रमाणापेक्षा थोडं कमीच. तेच ७५० धरले तर माणशी ७५ होतात आणि त्या घराला भरपूर पाणी मिळतं असं कागदावर ठरतं. नळ तोच, बादलीही तीच. एकदा मोजलं की पुरेसं, तीनदा मोजलं की अपुरं. म्हणून पाणी येण्या-जाण्याची वेळ आणि दोन पाळ्यांमधले दिवस या दोन गोष्टी सेकंदांइतक्याच काळजीने लिहून ठेवाव्या लागतात.

धारेच्या जोरावरून पाणी ओळखता येतं, हाही असाच एक पक्का बसलेला समज. नळाच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब उडते, पण बादली भरायला जास्त वेळ लागतो, कारण पाण्याचा वेग वाढला तरी वाट अरुंद झालेली असते. उलट रुंद तोंडाच्या नळातून शांत पडणारं पाणी मिनिटाला जास्त असू शकतं. तसंच नळाची उंची बदलली की दर बदलतो. अंगणातल्या खालच्या नळावर केलेली मोजणी माळ्यावरच्या टाकीत पडणाऱ्या पाण्याला लागू होत नाही. जिथे पाणी साठवतो तिथेच मोजायला हवं. लाइनीला थेट मोटर लावून केलेली मोजणी तर मुळीच धरू नये, कारण त्यात शेजारच्या नळांचं पाणी ओढून घेतलेलं असतं.

मीटर असताना बादली कशाला, असं कोणी विचारेल. मीटर असेल तर पाणी येण्याआधीचा आणि गेल्यानंतरचा आकडा जरूर टिपावा. पण ठरावीक वेळ चालणाऱ्या लाइनीत सुरुवातीला सुटणारी हवाही मीटरचा काटा फिरवते, त्यामुळे आकडा खऱ्या पाण्यापेक्षा जास्त दिसू शकतो. अशा वेळी बादलीची मोजणी हा त्याचा पडताळा ठरतो. शिवाय हेही लक्षात ठेवायला हवं की वरचे ५४० लिटर म्हणजे नळ पूर्ण वेळ सोडून ठेवल्यास मिळू शकणारं पाणी. ज्या घरात दोनशे लिटरचं एकच पिंप आहे आणि बादल्या हाताने उपसायच्या आहेत, तिथे प्रत्यक्ष साठणारं पाणी याहून कमीच राहणार.

१४४० चा गुणाकार जिथे खरोखर बरोबर आहे ती जागा वेगळीच आहे. घराच्या छतावरच्या टाकीतून येणारा नळ गळत असेल तर तो रात्रंदिवस गळतो. त्याखाली मापाचं भांडं ठेवून दहा मिनिटांत २०० मिलिलिटर जमलं, तर मिनिटाला २० मिलिलिटर आणि दिवसाला जवळपास २९ लिटर होतात, म्हणजे एका माणसाच्या ५५ लिटरमधले निम्म्याहून अधिक. हीच गळती सरळ गावाच्या लाइनीवरच्या नळाला असेल, तर ती फक्त पाणी येण्याच्या ५० मिनिटांत होते आणि जेमतेम एक लिटर भरते.