टिपणवही नेटकी, उजळणी अपुरी

सी.ए. इंटरमीजिएटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीने ऑडिट या विषयाच्या उजळणीसाठी २४ दिवस राखून ठेवले होते. प्रकरणे १२. पहिल्या चार प्रकरणांची टिपणे तिने तीन रंगांच्या शाईने लिहिली. एखादे पान मनासारखे उतरले नाही, की ते फाडून पुन्हा लिहिले. वही देखणी झाली, परंतु २० दिवस सरले. उरलेल्या आठ प्रकरणांसाठी हाती अवघे चार दिवस राहिले.

हा आळस नव्हे. सुबक पान लिहिल्याचे समाधान तत्काळ मिळते. पुस्तक मिटून स्वतःस प्रश्न विचारला, तर मात्र काय आठवत नाही ते उघड होते. ती भीती टाळण्यासाठी मन पुन्हा वहीकडे वळते. ओळखण्याची खूण सोपी आहे : नव्या पानात जुन्या पानाहून एकही नवा मुद्दा नसेल, तर तो अभ्यास नसून नक्कल होय.

गंमत अशी, की याचे उत्तर ऑडिटच्याच पुस्तकात आहे. लेखापरीक्षक प्रत्येक व्हाउचर तपासत नाही. कोणती चूक निर्णयावर परिणाम करील हे ठरवून तो निवडक नमुने तपासतो आणि हिशेब ‘सत्य व यथार्थ’ चित्र दाखवितात की नाही, एवढेच मत देतो. उजळणीचेही तसेच प्रमाण आधी ठरवावे.

प्रत्येक प्रकरणास एकच कागद, दोन्ही बाजू, आणि टिपणासाठी अधिकाधिक दोन तास. त्यानंतर पुस्तक मिटून मागील प्रश्नपत्रिकांतील तीन प्रश्नांची उत्तरे कोऱ्या कागदावर लिहावीत. दोहोंतील मुख्य मुद्दे आले, तर प्रकरणावर तारीख घालून पुढे जावे. सुटलेले मुद्दे वेगळ्या यादीत नोंदवावेत. पान पुन्हा लिहू नये. दोहोंपेक्षा कमी आली, तर त्याच दिवशी केवळ चुकलेला भाग वाचून पुन्हा लिहून पाहावे.

या रीतीने दिवसाला एक प्रकरण धरल्यास पहिली फेरी १२ दिवसांत संपते. दुसऱ्या फेरीत अर्धा दिवस पुरतो, म्हणजे सहा दिवस. उरलेले सहा दिवस पूर्ण सराव प्रश्नपत्रिका आणि चुकांची यादी यांसाठी मोकळे राहतात.

एक मर्यादा मात्र ध्यानी ठेवावी. ‘पुरेसे चांगले’ हे माप वहीच्या रूपास लागू आहे. सूत्रे, दर आणि कलमे यांना नव्हे. तेथे अचूकताच हवी. तसेच अकाउंट्ससारख्या विषयात टिपणांऐवजी उदाहरणे स्वतः सोडविणे हीच उजळणी.

या परीक्षेत प्रत्येक विषयात किमान ४० टक्के आणि गटात एकूण ५० टक्के गुण लागतात. चार प्रकरणांची देखणी वही परीक्षक पाहत नाही. बाराही प्रकरणांवरील प्रश्न मात्र तो विचारू शकतो. घरातील वडीलधाऱ्यांनीही ‘वही किती झाली?’ असे न विचारता ‘आज पुस्तक मिटून किती लिहिता आले?’ असे विचारावे.