तक्रारी घटल्या की सौम्य झाल्या?

एखाद्या दूध डेअरीच्या गुणवत्ता विभागातून मुख्य कार्यालयाला दर सोमवारी इंग्रजीत अहवालाचा ईमेल जातो, असं समजू. गेल्या आठवड्यात ग्राहकांच्या 40 तक्रारी आल्या होत्या. त्यांतल्या 10 गंभीर होत्या, म्हणजे दूध नासलेलं होतं किंवा पिशवी फुगलेली होती. या आठवड्यात एकूण 24 तक्रारी आल्या आणि त्यांत गंभीर 8. अहवाल लिहिणारा पहिल्याच ओळीत लिहितो, ‘वी रिसीव्ह्ड लेस सीरियस कम्प्लेंट्स धिस वीक.’ गंभीर तक्रारी कमी आल्या, एवढंच त्याला म्हणायचं आहे, आणि दहाच्या आठ झाल्यामुळे ते खरंही आहे.

मुख्य कार्यालयातले साहेब मात्र ‘लेस’ हा शब्द ‘सीरियस’ला जोडून वाचतात. इंग्रजीच्या नियमाप्रमाणे त्यांचं वाचणंच बरोबर आहे. त्यांना कळतं ते असं, की या आठवड्यातल्या तक्रारी तितक्याशा गंभीर नव्हत्या. आकडे नेमकं उलट सांगतात. चाळिसांत दहा म्हणजे चौथा हिस्सा, चोविसांत आठ म्हणजे तिसरा. आलेल्या तक्रारींमध्ये गंभीर तक्रारींचं प्रमाण वाढलं आहे, आणि शीतगृहाची तपासणी करायला हवी असताना साहेब निश्चिंत होतात. ‘फ्यूअर सीरियस कम्प्लेंट्स’ लिहिलं असतं तर हा घोटाळा झालाच नसता, कारण ‘फ्यूअर’ फक्त संख्येबद्दल बोलतो. स्पेलचेकचा इथे भरवसा नाही. दोन्ही शब्दांचं स्पेलिंग बरोबर आहे आणि वाक्यही व्याकरणात बसतं.

मराठीत आपण ‘गंभीर तक्रारी कमी आल्या’ असं शब्दांची जागा बदलून काम भागवतो. ‘कमी’, ‘किती’, ‘खूप’ हे शब्द दुधालाही चालतात आणि पिशव्यांनाही. तरी मोजायच्या वस्तू आणि मापायचे पदार्थ हा भेद आपल्याला परका नाही. ‘अनेक पिशव्या’ आणि ‘मोजक्या पिशव्या’ आपण म्हणतो, पण ‘अनेक दूध’ किंवा ‘मोजकं दूध’ कधीच म्हणत नाही. इंग्रजीत हाच भेद ‘मेनी’ आणि ‘मच’ पाळतात. पिशव्या, कॅन, नमुने, तक्रारी यांना ‘मेनी’ आणि ‘फ्यूअर’. दूध, वेळ, नासाडी यांना ‘मच’ आणि ‘लेस’.

अडतं ते आकडा आल्यावर. लिटर मोजता येतात, म्हणून नियम नुकताच शिकलेला माणूस ‘फ्यूअर दॅन 500 लिटर्स’ लिहून बसतो. पण तिथे एकेक लिटर वेगळा मोजलेला नसतो. सगळं मिळून एक माप असतं. त्यामुळे ‘लेस दॅन 500 लिटर्स’ हेच योग्य. रुपये, किलोमीटर आणि तास यांचंही तसंच. तेच दूध पिशव्यांत भरलं की मात्र ‘फ्यूअर दॅन 500 पाउचेस’. प्रयोगशाळेच्या अहवालात हा फरक फार उपयोगी पडतो: ‘फ्यूअर सॅम्पल्स’ म्हणजे बाटल्या कमी आल्या, ‘लेस सॅम्पल’ म्हणजे बाटलीतला नमुनाच अपुरा होता. पहिल्यात संकलन केंद्राला फोन करायचा, दुसऱ्यात नमुना भरणाऱ्याला विचारायचं.

आपल्या अहवालांत हमखास येणारं आणखी एक वाक्य म्हणजे ‘द नंबर ऑफ कम्प्लेंट्स इज लेस’. इथे ‘फ्यूअर’ही बसत नाही, कारण आता बोलणं तक्रारींबद्दल नसून आकड्याबद्दल आहे. आकडा खाली असतो किंवा वर असतो, म्हणून ‘लोअर’ किंवा ‘हायर’ लिहावं.

मोजायच्या वस्तूंना ‘लेस’ लावणं ही काही आजची चूक नाही. जुन्या इंग्रजीतही तसा वापर सापडतो. 1770 मध्ये रॉबर्ट बेकर या लेखकाने संख्येसाठी ‘फ्यूअर’ अधिक बरा वाटतो असं मत नोंदवलं आणि पुढे त्या आवडीचा नियम झाला. ब्रिटनमधल्या टेस्को दुकानांत झटपट पैसे भरायच्या रांगेवरच्या ‘लेस’ असलेल्या पाटीवर लोक आक्षेप घेत. 2008 मध्ये कंपनीने दोन्ही शब्द टाळून ‘अप टू 10 आयटम्स’ अशी पाटी आणली. म्हणून सहकाऱ्याने नुसतं ‘लेस कम्प्लेंट्स’ लिहिलं तर मी ते खुशाल सोडून देईन. अर्थ तिथे एकच निघतो. पुढे ‘सीरियस’सारखं विशेषण आलं, की मात्र सोडणार नाही.

आणि तक्रारी वाढल्या असतील तर? ‘मोअर सीरियस कम्प्लेंट्स’ याचेही तसेच दोन अर्थ होतात, पण ‘मोअर’ला ‘फ्यूअर’सारखा जोडीदारच नाही. ‘मेनी मोअर’ लिहिलं तर संख्या कळते, पण त्यासाठी वाढ मोठी असावी लागते. आठाच्या नऊ झाल्या असतील तर सरळ ‘सीरियस कम्प्लेंट्स रोज फ्रॉम 8 टू 9’ असं लिहावं, आणि त्याच ओळीत एकूण तक्रारी किती तेही द्यावं.