तिसऱ्या गुरुवारची रात्र

सकाळी १०. धाराशिवच्या आमच्या डाळमिलसाठी जपानहून सॉर्टेक्स मशीन येतंय. जहाज सोमवारी न्हावाशेवाला लागेल, म्हणजे बिल ऑफ एंट्री रविवारपर्यंत भरायला हवं. आधी भरलं तरी चालतं. भाडं, विमा धरून किंमत ५० लाख येन.

११.३०. शेठनी बँकेची पावती पुढे केली. "आपण येन ज्या भावानं घेतला, त्याच भावानं ड्यूटी लावा की!" तसं होत नाही. कस्टम्स कायदा १९६२ च्या कलम १४ प्रमाणे, बिल ऑफ एंट्री सादर होईल त्या दिवशी कस्टम्सचा जो विनिमय दर लागू असेल तोच धरतात. बँकेनं काय कापलं, हे ते विचारतही नाहीत.

दुपारी १. हा दर स्टेट बँकेच्या दरावरून ठरतो. महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या गुरुवारी संध्याकाळी तो जाहीर होतो आणि मध्यरात्रीनंतर, शुक्रवारपासून लागू होतो. पूर्वी दर वेळी अधिसूचना निघायची. ४ जुलै २०२४ पासून स्टेट बँकेचे आकडे थेट आइसगेटवर येतात आणि जवळच्या पाच पैशांना गोल होतात. आयातीचा रकाना वेगळा, निर्यातीचा वेगळा. आपला आयातीचा, आणि तोच चढा असतो. येनचा दर तर १०० येनला दिलेला असतो. ते विसरलं की घरच्या एक्सेलमध्ये किंमत शंभरपट फुगते.

४. सीएचएची चेकलिस्ट ईमेलवर आली. आकडे सोयीसाठी गोल धरतो: १०० येनला ६० रुपये, म्हणजे मूल्य ३० लाख. मी म्हटलं, "अहो, एवढ्यात सबमिट करू नका. संध्याकाळचा दर बघू." आजच्या रात्रीची मजाच ही: काही तास दोन्ही दर डोळ्यांपुढे असतात आणि कुठला घ्यायचा ते आपल्या हातात असतं. येन उतरला तर उद्या भरू, चढला तर आजच.

संध्याकाळी ७. चढला. समजा ६१.५०. मूल्य ३०.७५ लाख होतं, म्हणजे ७५ हजारांनी जास्त. मूळ ड्यूटी साडेसात टक्के आणि तिच्यावर दहा टक्के अधिभार धरला, तर ६,१८८ रुपयांचा फरक. आयजीएसटीही वाढतो, पण त्याचं क्रेडिट मिळतं. हे सहा हजार मात्र मशीनच्या किमतीतच जिरतात.

रात्री ९. "भरा." आइसगेट रात्रीही चालू असतं, पण नुसतं सबमिट करून भागत नाही. बिल ऑफ एंट्रीचा नंबर पडतो तेव्हाच ते सादर झालं असं धरतात. चूक निघून फाइल परत आली आणि बारा वाजून गेले, तर नवा दर.

१०.४०. नंबर पडला. विनिमय दर पक्का झाला. ड्यूटीचा टक्का मात्र अजून नाही. आगाऊ भरलेल्या बिलाला जहाजाच्या 'एंट्री इनवर्ड'च्या दिवशीचा टक्का लागतो. तोवर सरकारनं तो वाढवला, तर वाढीव ड्यूटी भरावीच लागेल, येन मात्र ६० चाच राहील. शेठना हे सकाळी सांगेन. आत्ता सांगितलं तर झोपणार नाहीत.