सतरा, डबल फाइव्ह, त्रेचाळीस, तीन शून्य, आठ

गॅस एजन्सीला फोन करून कुणी आपला दहा आकडी ग्राहक क्रमांक “सतरा, डबल फाइव्ह, त्रेचाळीस, तीन शून्य, आठ” असा सांगितला, तर पलीकडचा माणूस १७५५४३०००८ लिहून मोकळा होतो. पण तोच कॉल रेकॉर्ड झाला आणि संगणकाने त्याचा मजकूर केला, की कागदावर नुसते शब्द उरतात. ग्राहकांच्या यादीत हा क्रमांक शोधायचा, तर त्या शब्दांचे पुन्हा आकडे करावे लागतात.

शब्दाला आकडा लावणे हे यातले सोपे काम, आणि मराठीत ते इंग्रजीपेक्षाही सोपे. इंग्रजीत कुणी ‘ट्वेंटी टू’ म्हटले, तर ते २२ असेल किंवा थांबून म्हटलेले २०२. मराठीत २२ म्हणजे बावीस. ‘वीस दोन’ ऐकू आले तर ते २०२च. एक ते शंभर पाठ करताना मुले रडकुंडीला येतात खरी, पण त्या प्रत्येक संख्येला स्वतंत्र शब्द असल्यामुळे संगणकाला एक यादी दिली की काम भागते. त्याच यादीत हिंदी-इंग्रजी शब्दही घालावे लागतात, कारण फोनवर नंबर सांगताना आपण एका भाषेत क्वचितच टिकतो. शून्याला झीरो म्हणतो, कधी नुसते ‘ओ’.

आधी मात्र नंबर कुठे सुरू झाला ते कळायला हवे. ‘एक मिनिट थांबा’ मधला एक आकडा नाही. ‘डबल पैसे कापले’ मधला डबल आकड्याच्या कामाचा नाही, आणि कर्जासाठी फोन करणारा शेतकरी ‘सातबारा’ म्हणाला तर ७१२ लिहून चालणार नाही. म्हणून सलग आलेले चार-पाच संख्याशब्द शोधतात, आणि त्यांच्या आधी ‘नंबर सांगा’ किंवा ‘लिहून घ्या’ असे काही आहे का, तेही पाहतात.

आता ‘डबल’ आणि ‘ट्रिपल’. नियम असा, की हा शब्द त्याच्या लगेच पुढच्या आकड्याला लागतो: डबल फाइव्ह म्हणजे ५५, ट्रिपल झीरो म्हणजे ०००. ‘तीनदा शून्य’चेही तेच. खरी पंचाईत ‘तीन शून्य’ची आहे. ते ३० आहे की ०००? शब्दांत याचे उत्तर नाही. अशा वेळी दोन्ही अर्थ धरून दोन नंबर तयार करतात आणि लांबी मोजतात. आपल्या उदाहरणात ३० धरले तर १७५५४३३०८ होते, म्हणजे नऊच आकडे. ००० धरले तर बरोबर दहा. पहिला अर्थ बाद. मजकूर करताना ‘डबल’ गळून पडला असता, तर एका अर्थाने आठ आणि दुसऱ्याने नऊ आकडे आले असते. दहा कुठेच नाहीत, म्हणजे काहीतरी हरवले आहे. तिथे अंदाज न करता कॉल पुन्हा ऐकायला बाजूला काढतात.

हे सगळे शेवटपर्यंत अक्षरांसारखे जपायचे, संख्या म्हणून नाही. संख्या मानली की सुरुवातीचे शून्य उडते. एक्सेल तर पंधरा आकड्यांनंतरचे आकडे शून्य करून टाकते, म्हणजे सोळा आकडी कार्डनंबरचा शेवटचा आकडा नकळत बदलू शकतो.

लांबीला न सापडणारी चूकही असते. ‘सतरा’चे ‘सत्तर’ झाले, तर १७ऐवजी ७० येतात, पण आकडे दहाच राहतात. ‘नाही नाही, चौसष्ट नव्हे, चौऱ्याऐंशी’ अशी दुरुस्ती मध्येच आली तरी गोंधळ होतो: ‘नाही’नंतरचा नवा आकडा घ्यायचा, जुना आणि नाकारलेला टाकायचा. इथे फोन घेणाऱ्याची एक सवय फार उपयोगी पडते. तो नंबर पुन्हा म्हणून दाखवतो. दोघांचे बोलणे वेगळे केलेले नसेल, तर हाच नंबर दोनदा जोडला जाऊन वीस आकडे होतात. वेगळे केलेले असेल, तर ग्राहकाचे ‘सत्तर’ आणि एजन्सीवाल्याचे ‘वन सेव्हन’ शेजारी ठेवून तफावत लगेच दिसते.

काही नंबर स्वतःची साक्षही बरोबर बाळगतात. आधारचा बारावा आकडा आधीच्या अकरा आकड्यांवरून व्हरहोफ नावाच्या पद्धतीने काढलेला असतो. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटले, तर हिशेब जुळत नाही. बँकेच्या कार्डांवर लून पद्धत असते. तीही एका आकड्याची चूक पकडते, पण ०९चे ९० झाले तर तिला कळत नाही. मोबाइल नंबरात असा तपासणीचा आकडाच नाही. तिथे दहा आकडे आहेत आणि पहिला ६ ते ९ मधला आहे, एवढेच पाहता येते. बाकी भरवसा पुन्हा म्हणून दाखवलेल्या नंबरावर.