पुरवठा बंद, मूल्य शाबूत

चिपमधील निष्क्रिय भागाची गळती थांबवण्यासाठी त्याचा मुख्य पुरवठा तोडला, की साध्या फ्लिप-फ्लॉपमधील मूल्य नष्ट होते. रिटेन्शन फ्लिप-फ्लॉपमध्ये म्हणून एक छोटा जादा लॅच असतो. तो सदैव चालू असलेल्या दुसऱ्या पुरवठ्यावर चालतो आणि त्याचे ट्रान्झिस्टर उच्च थ्रेशोल्ड व्होल्टेजचे, म्हणजे संथ पण अत्यल्प गळतीचे असतात.

एखाद्या टायमरमध्ये 1011 हे मूल्य आहे असे समजू. आधी क्लॉक थांबतो, बाहेर जाणारे सिग्नल ठरावीक पातळीवर रोखले जातात, ‘सेव्ह’ संकेताने 1011 लॅचमध्ये जाते आणि मगच पुरवठा तुटतो. जागे होताना पुरवठा स्थिर होतो, रीसेट देऊन काढला जातो, ‘रिस्टोअर’ने 1011 परत येते, रोखलेले सिग्नल सुटतात आणि शेवटी क्लॉक सुरू होतो.

खरा धोका जागे होतानाच असतो. रिस्टोअरनंतर रीसेट आला, तर टायमर 0000 दाखवतो. मुख्य पुरवठा जोडणारे सगळे स्विच एकदम चालू केल्यास मोठा प्रवाह ओढला जातो. त्या धक्क्याने लॅचचा पुरवठाही खचला, तर जपलेला बिट उलटू शकतो. म्हणून स्विच टप्प्याटप्प्याने चालू करतात.

जादा लॅचमुळे क्षेत्रफळ वाढते. त्यामुळे पुन्हा मोजून काढता येणारी मूल्ये सोडून फक्त आवश्यक रजिस्टरांनाच ही सोय देतात.