प्रश्न 3 (ब) मधला ‘एक मुलगा’

संभाव्यतेच्या पेपरात एक जुना प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येत राहतो. एका कुटुंबात दोन अपत्ये आहेत, त्यांतला एक मुलगा आहे. तर दुसराही मुलगा असण्याची संभाव्यता किती? मार्टिन गार्डनर यांनी 1959 मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात तो घातला आणि उत्तर दिले 1/3. पुढे त्यांनीच मान्य केले की, कुटुंब कसे निवडले हे सांगितल्याशिवाय उत्तर ठरत नाही.

हाच प्रश्न परीक्षेत आला आणि एका विद्यार्थिनीने 1/2 लिहिले, असे समजू. पेपर तपासणारा टीचिंग असिस्टंट, म्हणजे टीए, बहुधा पीएचडी करणारा विद्यार्थीच असतो. त्याला तिने पाठवलेली चिठ्ठी अशी असावी:

“नमस्कार सर, प्रश्न 3 (ब) बद्दल शंका आहे. ‘त्यांतला एक मुलगा आहे’ हे कसे कळले, ते प्रश्नात दिलेले नाही. किमान एक मुलगा असलेल्या कुटुंबांतून हे कुटुंब निवडले असेल, तर उत्तर 1/3 येते. दोघांपैकी कोणतेही एक अपत्य पाहिले आणि तो मुलगा निघाला असेल, तर 1/2. मी दुसरा अर्थ धरला आणि तसे उत्तरपत्रिकेत लिहिले आहे. कोणता अर्थ अपेक्षित होता? वाचताना माझे काही निसटले असल्यास कृपया सांगावे.”

तिचे म्हणणे ताडून पाहता येते. अशी 400 कुटुंबे घ्या. ढोबळमानाने 100 घरांत दोन्ही मुलगे, 200 घरांत एक मुलगा-एक मुलगी, 100 घरांत दोन्ही मुली. किमान एक मुलगा असलेली घरे 300, त्यांपैकी 100 घरांत दोन्ही मुलगे, म्हणजे 1/3. आता प्रत्येक घराचे दार ठोठावा आणि दोघांपैकी कोणीही एक दार उघडेल असे धरा. दोन मुलगे असलेल्या 100 घरांत मुलगाच समोर येईल, मिश्र 200 घरांपैकी सुमारे 100 घरांत. मुलगा दिसला अशी घरे 200, त्यांतली निम्मी दोन मुलग्यांची. म्हणजे 1/2.

चिठ्ठीचे खरे बळ या दोन उत्तरांत आहे. नुसते “प्रश्न संदिग्ध होता, गुण द्यावेत” असे आले, तर टीएच्या हाती काहीच लागत नाही. गुणदानाचे निकष सहसा तो एकटा बदलू शकत नाही. त्याला प्राध्यापकांकडे जावे लागते. दोन वाचने आणि दोन उत्तरे मांडलेली चिठ्ठी तो तशीच पुढे पाठवू शकतो, इतरांच्या उत्तरपत्रिकांतही 1/2 कारणासह आले आहे का ते पाहू शकतो. उत्तरपत्रिकेत गृहीतक आधीच लिहिलेले असणे तिच्यासाठी फार मोलाचे. निकाल लागल्यावर सुचलेला अर्थ पटवणे अवघड जाते.

मात्र वर्गात कुटुंब कसे निवडायचे हे आधीच ठरले असेल, तर ही संदिग्धता टिकत नाही. म्हणूनच चिठ्ठीतले शेवटचे वाक्य केवळ नम्रतेपोटी आलेले नाही; टीएला तो संदर्भ दाखवायला ते जागा देते.

दावा पटला तर दोन्ही उत्तरांना, कारण दिले असल्यास, गुण देता येतात. आणि पुढच्या पेपरात प्रश्न असा लिहिता येतो: दोन अपत्यांच्या, किमान एक मुलगा असलेल्या सर्व कुटुंबांतून चिठ्ठी टाकून एक कुटुंब निवडले, त्यात दोन्ही मुलगे असण्याची संभाव्यता काढा.