चुकीच्या सर्व्हरची कबुली

‘तांत्रिक कारणास्तव सेवा खंडित झाली, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ असं निवेदन वाचून ग्राहकाला आपली माहिती शाबूत आहे की गेली, एवढंही कळत नाही.

प्रोग्रामरांचं काम सांभाळून ठेवणाऱ्या गिटलॅब कंपनीने 2017 मध्ये वेगळा मार्ग धरला. 31 जानेवारीच्या रात्री एका अभियंत्याला राखीव सर्व्हरवरचा डेटाबेस पुसायचा होता. आज्ञा दिली गेली मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली, तोवर सुमारे 300 जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरलं होतं.

कंपनीने हे सगळं त्याच सुमारास जाहीर केलं. त्याहून अवघड कबुलीही दिली: रोजचा बॅकअप कधीपासून होतच नव्हता. बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर जुन्या आवृत्तीचं, डेटाबेस नव्या आवृत्तीचा. बिघाडाची सूचना देणारे ईमेलही वाटेतच नाकारले जात होते! वाचवलं ते त्याच अभियंत्याने सहा तास आधी, भलत्याच कामासाठी घेतलेल्या प्रतीने.

नुकसानही नेमकं सांगितलं. सहा तासांतल्या नोंदी गेल्या, त्यात सुमारे 5000 प्रकल्प आणि 700 नवी खाती. पण लोकांचा मूळ कोड सुरक्षित होता. नंतरच्या सविस्तर अहवालात अभियंत्याचं नाव नव्हतं, ‘team-member-1’ एवढंच. पुढच्या कामांत बॅकअप खरोखर उघडून तपासणं होतं, आणि कोणत्या सर्व्हरवर आहोत ते पडद्यावर ठळक दिसावं, अशी साधी सोयही.